नळीला हात लावू नका

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील आमच्या शेतात, झेंडूच्या ढिगात हात घालताना माझ्या वहिनीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला साप चावला. साप कोणी पाहिला नाही. तिनेही पाहिला नाही. तो सापच होता हे ठरायला दुपार होत आली, आणि ते सापाने नव्हे, काचेच्या एका नळीने ठरवले.

आमचे घर माळ्याचे. दसऱ्याचा झेंडू आदल्या दोन दिवसांत तोडून शेतातल्या टिनाच्या शेडखाली ढीग लावायचा, वरून ओली पोती अंथरायची आणि सकाळी गोण्या भरायच्या, असा क्रम होता. ढीग रात्रभर राहिला की आतून तापतो. तापलेले फूल बाजारात पोहोचेपर्यंत काळे पडते. म्हणून गोण्या भरण्याआधी घरातली एखादी जाणती बाई पोत्याखालून ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून पाहते. आमच्याकडे हे काम आधी आईचे होते. आईचे गुडघे गेल्यापासून ते वहिनीकडे आले होते.

तिने हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बोटावर रक्ताचा ठिपका होता. गोण्यांची तोंडे शिवायची दाभण आदल्या संध्याकाळी पोत्यात राहिली असणार, असे ती म्हणाली. सगळ्यांनाच ते पटले. दाभण दरवर्षी कोणाला तरी टोचत असे. तिने बोटावर हळद दाबली, लुगड्याची चिंधी बांधली आणि गोण्या भरायला लागली. अकोल्याहून आलेला टेम्पो बांधावर उभा होता. टेम्पोवाला अकोल्याच्या जुन्या शहरातला, फुलांच्या व्यापाऱ्याकडचा माणूस. आमच्याकडे सात-आठ वर्षे येत होता. आईला तो काकी म्हणायचा.

मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकात वार्ताहर होतो आणि फुलांच्या तोडणीसाठी दोन दिवसांची सुटी घेऊन आलो होतो. मोठा भाऊ तराजूपाशी होता. तो आणि वहिनी सकाळपासून एकमेकांशी बोलत नव्हते. तिला दसऱ्याला माहेरी जायचे होते. फुले विकल्याशिवाय कोणी घर सोडायचे नाही, असे त्याने आदल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितले होते आणि त्यावरून दोघांचे जोरात वाजले होते.

अर्ध्या गोण्या भरून झाल्यावर वहिनी शेडच्या मागे गेली आणि तिथे ओकली. परत आली, पुन्हा ओकली. मग खांबाला टेकून बसली. तोंड पांढरे पडले होते. बाजूच्या फळीवर कीटकनाशकाचा डबा होता. दोन दिवसांपूर्वी भावाने फवारणी केली होती. डब्याचे बूच सैल होते.

भावाने डब्याकडे पाहिले. मग वहिनीकडे पाहिले.

आई बोलली. "फवारा लागला तिले. फुलायवरचं औषध अंगात गेलं, बापा."

"मले सुई लागली, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "हात ठणकून राहिला."

"सुईनं कोणी ओकते काय?"

टेम्पोवाल्याने पुढच्या चार गोण्या खाली ढकलल्या. "भाऊ, बातां बंद करा. बहूला उचला, आगे बसवा. फुलं काय, आज नाई तर उद्या."

फुलांना उद्या नव्हता, हे त्यालाही ठाऊक होते.

ग्रामीण रुग्णालय जवळ होते. त्या वर्षांत आमच्या भागातल्या रुग्णालयांच्या दारात शेतातून घाईने आणलेले माणूस उतरवले की पहिला प्रश्न एकच विचारला जाई. तो प्रश्न मी बातमीदार म्हणून अनेक दारांत ऐकला होता. त्या दिवशी आमच्या दारात आला.

"काय पेली?" सिस्टरने विचारले. ती याच भागातली, पन्नाशीची, आवाजाने करडी बाई होती.

"काई नाई पेली वं, बाई," वहिनी म्हणाली.

"सगळे असंच सांगतात. भांडण झालं होतं काय घरी?"

प्रश्न भावाला होता. तो भिंतीला लागून उभा होता. "झालं होतं," तो म्हणाला.

आईने कपाळावर हात मारला. "अरे, भांडण कोणत्या घरात नाई होत? तिनं कावून पेवाव? सणाच्या दिवशी?"

"सणाच्याच दिवशी येतात, माय," सिस्टर म्हणाली. तिने पोट धुण्याची रबरी नळी ट्रेमध्ये काढून ठेवली होती. आवारातल्या चौकीचा हवालदारही येऊन दारात उभा राहिला. अशा रुग्णाची नोंद त्याला घ्यावी लागे. त्याने भावाला बाहेर बोलावले आणि औषधाचा डबा कुठे आहे, ते विचारले.

डॉक्टर तरुण बाई होत्या, सातारच्या बाजूच्या, सरकारी सेवेचे वर्ष पुरे करायला आलेल्या. त्यांनी आधी वहिनीच्या डोळ्यांत बॅटरी धरली. मग तोंडाचा वास घेतला. मग चिंधीकडे पाहिले. हळदीने पिवळी झालेली चिंधी आता तांबडी होती आणि खाटेच्या कडेवरून थेंब पडत होते.

"हे कधी लागलं?"

"सकाळी. दाभण टोचली," आई म्हणाली.

"एवढ्या वेळात सुईची जखम थांबते. ही अजून वाहतेय." त्यांनी चिंधी सोडली. बोट जांभळे होते. सूज मनगट ओलांडून वर चढली होती. हळद धुतल्यावर एक भोक स्पष्ट दिसले. दुसरे असेल तर ते सुजेत बुजले होते. "सिस्टर, ती नळी परत ठेवून द्या. नाकात काही घालायचं नाही. दंडात इंजेक्शनही नको. रक्त पातळ झालं असेल तर जिथे टोचू तिथून वाहील."

"मॅडम, औषध पेली असन तर पोट धुवाव लागते," सिस्टर म्हणाली.

"बाहुल्या बारीक नाहीत, लाळ नाही, वास नाही. मला साप वाटतो."

"साप कोणी पायला?"

कोणीच पाहिला नव्हता.

सर्पविषावरच्या औषधाच्या दहा बाटल्या त्या दिवशी तिथल्या कपाटात होत्या. घोणस किंवा फुरसे चावल्यावर सुरुवातीला द्यायची मात्रा साधारण तेवढीच असते. म्हणजे एका माणसाची. ते औषध घोड्याच्या रक्तापासून बनते आणि त्याने काही जणांना जबर त्रास होतो, श्वासही अडकू शकतो. म्हणून नुसत्या शंकेवर ते देत नाहीत. डॉक्टरांनी हे आम्हाला मोजक्या शब्दांत सांगितले आणि पुढचेही सांगितले. या सापांच्या विषाने रक्त गोठवणारे पदार्थ अंगातल्या अंगात वापरून संपतात. मग रक्त गोठू शकत नाही. हे पाहायला मोठे यंत्र लागत नाही. शिरेतून दोन मिली रक्त घ्यायचे, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालायचे, वीस मिनिटे न हलवता उभे ठेवायचे आणि मग नळी एकदा आडवी करायची. रक्त जागेवर राहिले तर गोठले. वाहिले तर औषध द्यायचे.

रक्त घेतले. नळी लाकडी स्टँडमध्ये, खिडकीपासून दूर, टेबलावर ठेवली.

"नळीला हात लावू नका," डॉक्टर म्हणाल्या. मग स्टँडमधल्या इतर नळ्यांकडे पाहत त्या थांबल्या. "या नव्या आहेत?"

"नव्या संपल्या," सिस्टर म्हणाली. "पुरवठ्याची वाट पाहून राहिलो. ह्या शिपायानं धुतल्या. चांगल्या सोड्याच्या पुडीनं घासून धुतल्या, मॅडम. चकचकीत हायेत."

त्या खरोखर चकचकीत होत्या.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काही आजार? रक्त पातळ करायची गोळी?"

"नाही."

"बाही वर करा."

माझे रक्त तशाच धुतलेल्या दुसऱ्या नळीत घातले आणि वहिनीच्या नळीशेजारी ठेवले. कारण त्यांनी सांगितले. काचेच्या पृष्ठभागामुळे रक्त गोठायला सुरुवात होते. काच साबणाने धुतली असली तर चांगल्या माणसाचे रक्तही न गोठता राहू शकते. प्लास्टिकच्या नळीतही तसेच. माझे गोठले तर नळ्या चालतात. नाही गोठले तर चाचणी वाया.

टेम्पोवाला दारातून ऐकत होता. "मॅडम, नवी नळी कुठं मिळन?"

"पॅथॉलॉजी लॅबमध्ये. काचेची हवी. आत काही पावडर किंवा औषध नसलेली. न धुतलेली."

तो निघून गेला. गोण्यांनी अर्धा भरलेला टेम्पो आवाराबाहेर पडताना दिसला.

वीस मिनिटे मोजायला भिंतीवर घड्याळ होते. वहिनी डाव्या कुशीवर होती. तिने पुन्हा एकदा ओकारी काढली. आई तिचे पाय चोळत होती आणि मधूनमधून टेबलाकडे जाऊन नळ्यांवर वाकत होती.

"आत्याबाई," वहिनी म्हणाली, "हवालदार काय म्हणून राहिला?"

"काई नाई म्हणत."

"त्यायले सांगा, मी नाई पेली. घरच्यायलेही सांगा."

घरच्यायले म्हणजे भावाला. तो पायरीवर बसला होता. हवालदार त्याच्याशेजारी बसून जबाब घेत होता आणि मधेच त्याला विडी देत होता. भाऊ विडी पीत नसे. त्याने ती हातात धरून ठेवली होती.

त्याच वेळी माझा मोबाइल वाजला. अमरावतीहून उपसंपादक बोलत होता. तालुक्याच्या प्रतिनिधीने त्याला कळवले होते की आमच्या गावातल्या एका शेतकरी महिलेने विष घेतले. "तुमच्याच गावचं आहे. तू तिथेच आहेस ना? नाव आणि प्रकृती कन्फर्म करून दे. आतल्या पानावर दोन ओळी घेतो."

"थांब," मी म्हणालो.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"म्हणजे?"

मी फोन ठेवला.

वेळ झाल्यावर डॉक्टरांनी आधी वहिनीची नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखे काठाकडे धावले. आईच्या तोंडून आवाज निघाला. मग त्यांनी माझी नळी आडवी केली. तेही धावले. जवळजवळ तसेच.

"हे धरता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. दोन्ही नळ्या त्यांनी बादलीत टाकल्या.

"म्हणजे ह्या पेपरवाल्या भाऊलेही साप चावला काय?" हवालदार दारातून म्हणाला. कोणी हसले नाही. तोही मग तिथून बाजूला झाला.

सिस्टर डॉक्टरांच्या जवळ गेली. "मॅडम, दहा बाटल्या हायेत. एखादा पक्का साप चावलेला आला तर? कपाशीत वेचणी चालू हाय. रोज एक येऊन राहिला."

"मला माहीत आहे."

"आणि हिनं पेली असन तर?"

"तेही माहीत आहे. सूज चढतेय. अंगातून कुठून रक्त यायला लागलं तर मी चाचणीसाठी थांबणार नाही. हिरड्या पाहत राहा. लघवी पाहत राहा."

टेम्पोवाला परत आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला खोका होता. पहिल्या लॅबला सणाचे कुलूप होते. दुसरीकडे नळ्या होत्या पण प्लास्टिकच्या. तिसरीच्या मालकाला त्याने घरून उठवून आणले होते. खोक्याची पट्टी फोडलेली नव्हती. डॉक्टरांनी एक नळी उजेडात धरून आत पाहिले.

पुन्हा दोघांचे रक्त. पुन्हा दोन नळ्या. वहिनीच्या डाव्या हाताला जिथून पहिल्यांदा रक्त घेतले होते, तिथला कापूस तोपर्यंत भिजून गेला होता. माझ्या हातावर नुसता ठिपका राहिला होता. डॉक्टरांनी दोघांचे हात पाहिले.

या वेळी भाऊ आत आला आणि टेबलापाशी उभा राहिला. त्याला नळीत काय पाहायचे ते मी सांगितले.

"गोठलं तर?" त्याने विचारले.

"तर आत्ता तरी सापाचा पुरावा नाही. अर्ध्या-अर्ध्या तासानं पुन्हा बघतील."

"म्हणजे पेली."

"तसं नाही."

"आणि वाह्यलं तर साप."

"हो."

तो नळीकडे पाहत राहिला. नवरा म्हणून त्याला त्या नळीत काय हवे होते, हे विचारण्यासारखे नव्हते. एका उत्तरात विष तिने स्वतः घेतलेले होते. दुसऱ्या उत्तरात तिच्या रक्ताचे गोठणे संपले होते. काही वेळाने त्याचा हात स्टँडकडे गेला.

"हात लावू नोको, रे!" सिस्टर ओरडली. "हाललं का आमची वीस मिनिटं गेली पाण्यात. मागे हो. अजून मागे."

तो मागे झाला. आईने त्याचा हात धरून ठेवला, लहान पोराचा धरतात तसा.

डॉक्टरांनी आधी माझी नळी आडवी केली, मग उलटी. रक्त तळाशी घट्ट राहिले. वहिनीची नळी आडवी केली. ते काठावरून ट्रेमध्ये सांडले. त्यात एकही गाठ नव्हती.

"साप," डॉक्टर म्हणाल्या. "बाटल्या काढा. सगळ्या."

भाऊ खाली बसला आणि रडायला लागला. मग उठून खाटेपाशी गेला. वहिनीने डोळे उघडले.

"नाई पेली ना मी?"

"नाई पेली," तो म्हणाला.

"मंग आता सांग तुया हवालदाराले."

बाटल्यांत पांढरी पूड होती. ती पाण्यात विरघळवावी लागते. हलवून फेस करायचा नसतो. बाटली तळहातांत धरून हळूहळू फिरवायची. सिस्टरने ते केले. दहाही बाटल्या सलाईनमध्ये घातल्या. ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन आधीच भरून उशाशी ठेवले. ते लागलेच. थोडे औषध गेल्यावर वहिनीच्या गळ्यावर चट्टे उठले, दात वाजायला लागले, श्वास घरघरू लागला. सलाईन बंद केले. ॲड्रिनॅलिन मांडीत दिले. चट्टे बसल्यावर सलाईन पुन्हा, आधी थेंब-थेंब, मग वेगाने. औषधाचे सलाईन संपले तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होते. लघवी चहाच्या रंगाची झाली होती.

कपाट रिकामे झाले. डॉक्टरांनी रुग्णवाहिका मागवली आणि चिठ्ठीवर औषध देऊन संपल्याची वेळ लिहून दोनदा खाली रेघ ओढली. पुढची चाचणी त्या वेळेपासून सहा तासांनी. औषध विषाला थोपवते, पण संपलेले गोठवणारे पदार्थ यकृताला पुन्हा तयार करावे लागतात, त्याला तेवढा वेळ लागतो. आधी पाहिले तर उगाच घाबरायला होते आणि औषध वाया जाते. सहा तासांनीही रक्त गोठले नाही तर विष अजून उरले आहे. मग पुन्हा तेवढेच औषध.

टेम्पोवाल्याने उरलेल्या गोण्या परत शेतातून उचलून अकोला गाठायचे ठरवले. निघताना तो आईला म्हणाला, "काकी, फुलं मी विकतो. तुमी फिकर नका करू. मले फोन करा, काय पण लागलं तर."

उपसंपादकाला मी फोन केला. "विष नाही. सर्पदंश आहे."

"मग लहान करतो," तो म्हणाला. "नाव?"

"नाव नको."

"बाई जगेल ना?"

"कन्फर्म नाही."

अमरावतीत ज्या रुग्णालयात आम्ही पोहोचलो तिथे त्या आठवड्यात सर्पदंशाचे रुग्ण एकामागून एक येत होते. कपाशी आणि सोयाबीन दोन्ही उभे असताना तसे होते. वॉर्डात मेळघाटातून आणलेला एक म्हातारा आणि वाडेगावकडचा एक संत्र्याचा माळी आमच्या आधीपासून होते. कपाटात उरलेल्या बाटल्या नव्या येणाऱ्यांच्या पहिल्या मात्रेसाठी राखल्या होत्या. दुसरी मात्रा लागली तर बाहेरून आणायची तयारी ठेवा, असे तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितले. भाऊ शहरातली औषधांची दुकाने फिरला. एकाकडे दोन बाटल्या होत्या. बाकीच्यांकडे नव्हत्या.

दुपार त्यातच गेली. वहिनी मधेच बडबडत होती, ढीग तापला का ते बघा म्हणत होती. आईने तिच्या तोंडातले रक्त पदराने पुसले, तेव्हा तिथल्या नर्सने सांगितले की दात घासू नका, बोटही घालू नका. लघवीच्या पिशवीत गडद, थोडे पाणी जमले होते. त्यानंतर त्यात भर पडली नाही.

सहा तास झाल्यावर रक्त घेतले. इथल्या नळ्या नव्या होत्या. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी आडवी केली. रक्त वाहिले. सकाळपेक्षा किंचित सावकाश, पण वाहिले.

"दहा लागतील," ते म्हणाले. "तुमच्याकडे दोन आहेत."

मी अकोल्याला फोन लावला. टेम्पोवाला जुन्या शहरातल्या बाजारात उभा होता. मागे फुलांच्या बोलीचा आवाज येत होता. मी काय हवे ते सांगितले. आठ बाटल्या, पुडीच्या. पुडीची असली की बर्फात ठेवावी लागत नाही, हेही सांगितले.

"चचाजाद भाई, चुलतभाऊ आहे माझा, दवाई की ठोक दुकान में. ठहरो, फोन बंद नका करू." मग तो कोणाशी तरी उर्दूत बोलला, मग परत आला. "आहे म्हणते. डॉक्टर की चिठ्ठी मांगते पण."

इथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. रुग्णालयासमोरच्या दुकानातून ती फॅक्स केली. पहिल्यांदा काळी आली, असे अकोल्याहून कळले. दुसऱ्यांदा वाचता आली. टेम्पोवाला बाटल्या घेऊन बसस्थानकावर गेला. त्या दिवशी अकोल्याहून येणाऱ्या गाड्या माहेरवाशिणींनी भरलेल्या होत्या. त्याने अमरावतीच्या गाडीचा कंडक्टर गाठला. कंडक्टरने पार्सल घ्यायला नकार दिला. सणाच्या गर्दीत जबाबदारी नको म्हणाला. टेम्पोवाल्याने त्याला पुडके उघडून दाखवले आणि काय चालले आहे ते सांगितले. हे सगळे मला नंतर समजले.

गाडी आली तेव्हा भाऊ स्थानकावर होता. कंडक्टर दारातच उभा होता. पुडके त्याने तिकिटांच्या पेटीवर न ठेवता अकोल्यापासून मांडीवर धरले होते.

"बाई कशी हाय?" त्याने विचारले.

"हाय," भाऊ म्हणाला.

दुसरी मात्रा रात्री दिली. या वेळी चट्टे आले नाहीत. वॉर्डातला मेळघाटातला म्हातारा त्याच रात्री गेला. त्याला मण्यार चावली होती. त्या विषाने रक्त बिघडत नाही, श्वासाचे स्नायू थांबतात. त्याचे रक्त पहिल्यापासून गोठत होते, श्वास बंद पडला. त्याच्या माणसांनी खाट रिकामी केली आणि जाताना ती आईला आपली पाण्याची बाटली देऊन गेली.

दसऱ्याच्या पहाटे पुन्हा रक्त घेतले. भाऊ टेबलापासून दहा पावले लांब, भिंतीशी उभा राहिला. हात त्याने मागे बांधले होते. कोणी सांगितले नव्हते. आई जप करत नव्हती, काहीच करत नव्हती. वहिनी जागी होती. तिचा हात खांद्यापर्यंत सुजून चमकत होता.

वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी आडवी केली. मग पूर्ण उलटी केली. रक्त जागेवर राहिले.

"गोठलं," ते म्हणाले. "औषध थांबवू. पुन्हा सहा तासांनी पाहू. विष उरलं असेल तर परत बिघडू शकतं. आता मूत्रपिंड."

सकाळी दोन्ही मूत्रपिंडे काम करत नसल्याचा अहवाल आला. त्या दिवशी दुपारी रक्त पुन्हा तपासले, गोठले. दुसऱ्या दिवशी डायलिसिस सुरू झाले. मधल्या बोटाचे वरचे पेर काळे पडले आणि काढावे लागले. अठराव्या दिवशी पिशवीत पुन्हा लघवी जमू लागली. त्यानंतरच्या आठवड्यात वहिनी घरी आली.

दसऱ्याच्याच दिवशी दुपारी शेजाऱ्यांनी शेतातला उरलेला ढीग लांब काठ्यांनी उलथून पाहिला होता. साप सापडला नाही. दाभणही सापडली नाही. ती घरात होती, खुंटीला टांगलेल्या सुतळीच्या गुंड्यात खोचलेली.